नोकरी लागली, हे कसं सांगावं

सेलूच्या घरी ओसरीवर बसून मी फोनवर एकच वाक्य तिसऱ्यांदा पुसत होते, तेवढ्यात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आतून विचारलं, "पेढे किती आणू? दीड किलो पुरतीन का?"

मी म्हटलं, पुरतील. पण त्यांना उत्तर नको होतं, त्यांना मोजायचं होतं. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. देवाचा एक. जिनिंगमधले दोघं, कारण मी बारावीला असताना त्यांनी दादांची रात्रपाळी स्वतःकडे घेतली होती. गल्लीच्या तोंडाचे मास्तर, कारण त्यांनी गणिताची वही दिली होती आणि परत मागितली नाही. मग मामा, मग शेजारचं घर, मग उरतील त्यात बाकीचे. नावापुढे कारण आणि कारणापुढे पेढा. माझ्या लिंक्डइनवरच्या यादीत मात्र बाराशेहून जास्त नावं होती आणि त्यातल्या बहुतेकांपुढे मला एकही कारण लिहिता आलं नसतं.

आई ताट घासता घासता म्हणाली, "एवढं काय लिहायलीस गं? नोकरी लागली म्हन, झालं."

ती म्हणाली ते किती नेमकं होतं हे माझ्या नंतर लक्षात आलं. लिंक्डइनवर नवी नोकरी प्रोफाइलमध्ये भरली की एक तयार वाक्य पुढ्यात येतं: `I'm happy to share that I'm starting a new position as`. पुढं पद, पुढं कंपनी. सगळे तेच टाकतात म्हणून ते कुणाला खुपत नाही, आणि म्हणूनच कुणी वाचतही नाही. मी त्याचं मराठी करायला बसले आणि तिथंच अडकले. "सांगताना आनंद होतोय की मी अमुक पदावर रुजू होत आहे." हे वाचून मलाच माझा राग आला. एका वाक्यात आनंद माझा, पद माझं, रुजू होणारी मी.

मराठीत आपण असं बोलतच नाही. आपल्याकडे नोकरी मिळवत नाहीत, नोकरी लागते. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, रेशनच्या रांगेत नंबर लागतो, तशीच नोकरी लागते. त्या क्रियापदात माणूस कर्ता नसतोच. 'मला' होऊन बाजूला उभा असतो. परभणीपासून लातूरपर्यंत कुणाच्याही तोंडी ऐका, पोरगं कितीही हुशार असलं तरी बाप म्हणतो, "लागली त्याला नोकरी." जुन्या लग्नपत्रिका "आमचे येथे श्रीकृपेकरून" अशा सुरू व्हायच्या, त्यातही सांगायची बातमी मोठी आणि सांगणारा एक पाऊल मागे. नम्रपणा दाखवायला वेगळी विशेषणं जोडावी लागत नव्हती, वाक्याच्या बांधणीतच तो असायचा. मग मी ही बांधणी मोडून इंग्रजी साच्यात का शिरत होते?

आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी क्वालिटीत काम करते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला एका कारखान्यात दुचाकीचे सुटे भाग बनायचे, तिथं अकरा वर्षं होते. एक मॉडेल बंद झालं, त्याची लाइन बंद झाली, आणि आमच्यातले अकराजण एकाच दुपारी घरी आलो. सात महिन्यांनी शेंद्र्यात काम मिळालं, सप्लायर क्वालिटीचं, म्हणजे पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता बघायचं. बजाजनगरातलं घर सोडावं लागलं नाही, फक्त आता बस शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते.

पहिला मसुदा मी बसमध्येच लिहिला होता. तो इथं देते, कारण त्यातल्या चुका बऱ्याच जणांच्या असतात.

"विश्वासच बसत नाहीये! सात महिने, त्रेचाळीस अर्ज, असंख्य नकार आणि शेवटी स्वप्न साकार! एका खेड्यातल्या जिनिंग कामगाराची मुलगी आज एका नामांकित कंपनीत टीम लीड झाली. या प्रवासात साथ देणाऱ्या प्रत्येकाची मी ऋणी आहे. माझ्यासारख्या सामान्य मुलीवर विश्वास ठेवल्याबद्दल मनापासून धन्यवाद." खाली चाळीस नावं टॅग केलेली.

पंधरा मिनिटांनी पुन्हा वाचलं आणि मला आमच्या चौकातलं फ्लेक्स दिसलं. मराठवाड्यात कुणाची कशावरही निवड झाली की फ्लेक्स लागतं. मधोमध सत्कारमूर्तीचा भला मोठा फोटो, हात जोडलेले, आणि खालच्या पट्टीत पासपोर्ट आकाराचे चाळीस चेहरे, त्यावर 'शुभेच्छुक'. हात जोडलेले आहेत म्हणून ते फ्लेक्स नम्र होत नाही. माझ्या पोस्टमध्येही तेच झालं होतं. चाळीस माणसांचे आभार मानल्यासारखं दिसत होतं, पण खरं तर चाळीस चेहरे माझ्या फोटोखाली लावले होते. त्यातल्या कुणी काय केलं याचं एकही वाक्य नव्हतं, कारण त्यातल्या पस्तीस जणांनी काही केलेलंच नव्हतं. त्यांचा दोष नाही, त्यांना माहीतच नव्हतं मी घरी आहे ते.

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत पण टोचणाऱ्या. "विश्वासच बसत नाहीये" हे खोटं होतं. मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, माझा विश्वास नीट बसला होता. "सामान्य मुलगी" असं लिहिलं की वाचणाऱ्याला "नाही हो, तुम्ही कुठं सामान्य" असं म्हणावं लागतं, म्हणजे मी त्याच्याकडून कौतुक उसनं मागत होते. आणि त्रेचाळीस अर्ज! तो आकडा मला फार आवडला होता. संघर्ष दाखवणं म्हणजे मिरवणं नव्हे अशी आपली समजूत असते. पण आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या एकाचे तोवर साठच्या वर अर्ज झाले होते आणि तो अजून घरीच होता. त्याच्यासाठी त्रेचाळीस म्हणजे काय?

मी एक साधी तपासणी केली. वर्कशॉपमध्ये करतो तशी, मोजून. त्या मसुद्यात पाच क्रियापदं होती आणि त्यातली तीन माझ्याबद्दलची. ज्यांचे आभार मानायचे त्या चाळीस जणांना मिळून दोन क्रियापदं आली होती, आणि तीही 'साथ देणे' आणि 'विश्वास ठेवणे', ज्यांचा अर्थ काहीही होऊ शकतो. आभाराच्या वाक्यात कर्ता समोरचा माणूस हवा आणि क्रियापद डोळ्यांना दिसेल असं हवं: पाठवलं, विचारलं, सांगितलं, बसवून घेतलं. हे एवढं केलं की फुशारकी आपोआप गळते, कारण तिला वाक्यात जागाच उरत नाही.

पण त्यासाठी कुणी काय केलं हे आधी शोधावं लागतं. क्वालिटीत रिजेक्शन आलं की आम्ही व्हाय-व्हाय करतो. का झालं, ते का झालं, आणि तेही का झालं, असं पाचदा विचारायचं. एरवी हा कागद चूक शोधायला असतो. मी तो माझ्या नोकरीवर लावला.

मुलाखतीला का बोलावलं? कारण बायोडेटा पोर्टलवरच्या ढिगात न राहता तिथल्या क्वालिटी हेडच्या टेबलावर गेला. तो तिथं का गेला? कारण आतल्या एका मुलानं तो कंपनीच्या अंतर्गत यादीतून पुढं पाठवला. त्याच्याकडे कसा आला? हा मुलगा सहा वर्षांपूर्वी वर्षभर माझ्या हाताखाली ट्रेनी होता. रविवारच्या बाजारात भेटला, "मॅडम, आज सुट्टी?" म्हणाला, आणि मी खरं सांगितलं. त्यानं मेथीची पिशवी खाली ठेवली आणि तिथल्या तिथं बायोडेटा मागून घेतला. आता पुढचा प्रश्न: असे दहा बायोडेटे आले असतील, हेडनं माझाच का उघडला? हे मला रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात कळलं. त्यानं ते नाव आदल्याच आठवड्यात ऐकलं होतं, एका ऑडिटरकडून.

हा ऑडिटर आमच्या जुन्या कारखान्याच्या एका ग्राहक कंपनीतला. आयुष्यात दोनदाच भेटलेला माणूस. दुसऱ्या भेटीत त्यानं माझ्या विभागात भोकाचं माप तपासायचं एक प्लग गेज उचललं, स्टिकर वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. कॅलिब्रेशनची, म्हणजे ते गेजच बरोबर मोजतं का हे तपासायची, तारीख नऊ दिवसांपूर्वी उलटून गेली होती. चूक सरळसरळ माझी होती. त्यानं एनसी दिली, म्हणजे नियम मोडल्याची लेखी नोंद. मी दोन दिवस मागून घेतले. त्या नऊ दिवसांत त्या गेजनं तपासलेला सगळा माल परत मोजला. त्यातली एक लॉट ग्राहकाकडे निघून गेली होती, तेही मीच फोन करून कळवलं आणि गेज कॅलिब्रेशनला पाठवून त्याचा निकालही जोडला. गेज बरोबर निघालं, माल बरोबर निघाला, एनसी बंद झाली. मी ते विसरूनही गेले. तो विसरला नव्हता. शेंद्र्याच्या हेडनं त्याला सहज विचारलं, कुणी आहे का नजरेत, तर तो म्हणाला, एक बाई आहे, चूक लपवत नाही.

तो कागद समोर ठेवून मी बराच वेळ बसले. ज्या माणसांबरोबर अकरा वर्षं रोज डबा खाल्ला त्यातल्या कुणाचंही नाव साखळीत नव्हतं. याचं एक जुनं आणि पक्कं कारण आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 साली ते मांडलं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकती नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं, की ज्या माणसाकडून नोकरीची खबर मिळाली तो तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले निघाले जेमतेम 17 टक्के. अधूनमधून भेटणाऱ्याकडून साधारण 56 टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून 28 टक्के. जवळच्यांचं प्रेम कमी असतं असं नाही. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. आमच्या अकराजणांच्या ग्रुपवर बातम्या फिरायच्या, पण त्या सगळ्यांना आधीच आलेल्या असायच्या. आम्ही सगळे एकाच दुपारी घरी गेलो होतो ना.

म्हणजे आभारही उलटेच मानले जातात. पोस्टमध्ये आपण जवळच्यांना टॅग करतो, कारण ती नावं लगेच आठवतात. ज्याच्यामुळं दार उघडलं तो बाजारात मेथी घेऊन उभा असतो, तो आठवायला कागद लागतो. जवळच्यांचे आभार मानू नयेत असं मी म्हणत नाही. नवऱ्यानं सात महिने एकट्यानं हप्ते भरले, त्याचे आभार मी घरी मानले. ते त्याला कळले. त्यासाठी बाराशे लोकांना बोलवायची गरज नव्हती.

आता यादी झाली होती चौघांची: साखळीतले दोघं, आणि त्यांच्याशिवाय कामी आलेले आणखी दोघं. मला वाटलं झालं काम. पण नवऱ्यानं एक प्रश्न विचारला, "त्यांना विचारलंस का?" मला आधी हसू आलं. आभार मानायला परवानगी? मग मी चौघांना फोन केले, आणि बरं झालं केले.

ऑडिटर साहेब म्हणाले, अजिबात नको. त्यांची कंपनी माझ्या नव्या कारखान्याचीही ग्राहक आहे. ग्राहकाच्या माणसानं पुरवठादाराकडे कुणाचं नाव सुचवलं असं चारचौघांत लिहिलं गेलं, तर तो दबाव वाटू शकतो, आणि उद्या तेच ऑडिटला आले तर माझ्या प्रत्येक उत्तराकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतील. माझा एक जुना मॅनेजरही नको म्हणाला. त्यानं माझ्यासाठी फोनवर दहा मिनिटं चांगलं बोलून दिलं होतं, पण जुन्या कंपनीचा नियम असा की विचारणा आली तर फक्त पद आणि तारखा सांगायच्या, बाकी एचआरकडे बोट दाखवायचं. माझं जाहीर 'धन्यवाद' म्हणजे त्याच्याविरुद्ध लेखी पुरावा झाला असता. ट्रेनी मुलगा खूश झाला, फक्त 'रेफरल' हा शब्द टाळा म्हणाला. बऱ्याच कंपन्यांत असं नाव सुचवणाऱ्याला बक्षीस असतं, नवा माणूस काही महिने टिकल्यावर मिळतं. तो शब्द वाचून वीस जणांचे बायोडेटे त्याच्या इनबॉक्समध्ये येणार होते, आणि लोक असंही म्हणणार होते की यानं पैशासाठी केलं. त्यानं खरंच पैशासाठी केलं नव्हतं, बाजारात त्याला ते आठवलंही नसेल.

चौथा फोन ताईंना. त्या आमच्याच अकरांतल्या, माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, मापनाच्या खोलीत बारा वर्षं काढलेल्या. त्यांनी तीन संध्याकाळी फोनवर माझी खोटी मुलाखत घेतली. पहिल्या दोन वेळा मला सरळ नापास केलं. "तू उत्तर देत नाहीस, माफी मागतेस," म्हणाल्या. आणि त्या स्वतः अजून घरी आहेत.

ताईंना फोन करायला मी दोन दिवस लावले. खरं सांगायचं तर माझी पोस्ट कुणी वाचू नये असं मला वाटत असेल तर त्या एकट्यांनी. मग लक्षात आलं की हीच माझी कसोटी. जी माणसं आनंदात आहेत ती कुठलीही पोस्ट सहन करतात. जो सकाळी उठून पोर्टल उघडतो, दुपारी पुन्हा उघडतो, त्याच्या डोळ्यांनी वाचून बघायची. 'मेहनतीचं फळ मिळतंच' हे वाक्य त्या डोळ्यांनी वाचलं तर त्याचा अर्थ होतो: तुम्ही मेहनत कमी केली. मसुद्यात नंतर जोडलेलं ते वाक्य मी लगेच काढलं. 'स्वप्न', 'प्रवास', 'साकार' तेही गेले. खेड्यातल्या जिनिंग कामगाराची मुलगी तर गेलीच. दादा माझे वडील आहेत, माझ्या यशाची पार्श्वभूमी नाहीत.

ताईंना मी विचारलं, तुमच्याबद्दल लिहू का, की तुम्ही काम शोधताय? अशी पोस्ट नेहमीपेक्षा जास्त लोकांपुढे जाते, दोन दिवस तिकडं लोकांचं लक्ष असतं, त्यातलं थोडं तुमच्याकडे वळवते. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दया म्हणून लिवणार असशील तर राहू दे." मी म्हटलं, वाक्य तुम्ही लिहा. त्यांनी लिहून पाठवलं. त्यात 'गरज', 'मदत', 'संधी' यातला एकही शब्द नव्हता. काय येतं, किती वर्षं केलं, कुठं काम करायला तयार आहे, एवढंच. मी अकरा वर्षांत त्यांच्याकडून बरंच शिकले, त्यात हेही आलं.

कधी टाकायची हा प्रश्न त्या मानानं सोपा होता. ऑफर लेटर हातात आलं त्या दिवशी टाकायची नाही, एवढं मला आधीच ठाऊक होतं. ओळखीतल्या एका मुलानं ऑफर आल्याच्या रात्री पत्राचा फोटो टाकला होता, दीडशे अभिनंदनं आली, आणि रुजू व्हायची तारीख दोनदा पुढं जाऊन शेवटी कंपनीनं पदच रद्द केलं. पोस्ट काढून टाकली तरी महिनाभर लोक त्याला विचारत होते, कसं चाललंय नवीन ठिकाणी. ऑफरनंतर पार्श्वभूमीची पडताळणी असते, जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर लागतं, पीएफच्या नोंदीतल्या तारखा बायोडेट्यातल्या तारखांशी जुळाव्या लागतात. माझं रिलीव्हिंग लेटर तर तीन आठवडे अडकलं होतं. म्हणून मी रुजू होऊन महिना जाऊ दिला. त्या महिन्यात एचआरला विचारून घेतलं की बाहेर काय लिहिलेलं चालतं. ग्राहकांची नावं, कुठला भाग बनतो, किती माणसं घेतायत, यातलं काहीच लिहायचं नाही असं त्या म्हणाल्या. गळ्यातल्या ओळखपत्रासकट सेल्फी तर नकोच, त्यावर नंबर आणि बारकोड असतो. प्रोफाइलमध्ये नोकरी भरताना `Notify network` हा पर्याय मी बंद ठेवला, नाहीतर ते तयार वाक्य माझ्या आधीच सगळ्यांच्या दारात जाऊन उभं राहिलं असतं. फोटोभोवतीची `#OPENTOWORK` ची हिरवी कड काढली. ती काढताना विचित्र वाटलं. सात महिने ती माझ्या तोंडाभोवती होती.

आणखी एक. लिंक्डइनवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून लोक वर कोडं टाकतात, "सात महिन्यांपूर्वी एका फोननं माझं आयुष्य बदललं…" मला ते बाजारातल्या हाकेसारखं वाटतं. बातमी असेल तर ती पहिल्या ओळीत असावी. ज्याला तेवढीच हवी तो तेवढी घेऊन जाईल.

शेवटी टाकली ती ही. ट्रेनी मुलाचं आणि ताईंचं नाव तिथं टॅग करून आहे, इथं काढलंय.

"गेल्या महिन्यात शेंद्र्याला नोकरी लागली. काम तेच, सप्लायर क्वालिटीचं, आता सोबत चौघांची टीम आहे. त्याआधी सात महिने घरी होते.

बजाजनगरच्या बाजारात माझ्या एका जुन्या ट्रेनीनं भाजीची पिशवी खाली ठेवून माझा बायोडेटा मागून घेतला आणि त्याच रात्री योग्य माणसाकडे पोचवला. ज्यांनी एकदा माझी चूक पकडली होती, त्यांनी विचारणाऱ्याला माझं नाव सांगितलं. आणखी एकांनी माझ्याबद्दल दहा मिनिटं बोलून दिलं. या दोघांची नावं त्यांच्या सांगण्यावरून लिहीत नाही, त्यांना ती माहीत आहेत. ताईंनी तीन संध्याकाळी माझी मुलाखत घेतली आणि दोनदा नापास केलं, म्हणून खऱ्या मुलाखतीत बोलता आलं.

ताईंच्याच शब्दांत: मेट्रॉलॉजी आणि कॅलिब्रेशन, 12 वर्षं. सीएमएम प्रोग्रॅमिंग, गेज आर अँड आर अभ्यास, प्रयोगशाळेची कागदपत्रं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा कुठंही. त्यांच्याशी थेट बोला.

वाळूजच्या आमच्या बॅचपैकी कुणाला मुलाखतीसाठी कसली तयारी केली ते हवं असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन करा. नेमके प्रश्न सांगता येणार नाहीत, तयारी सांगता येईल."

टीम लीड हा शब्द मी काढला आणि चौघांची टीम ठेवली. यावर ताईंशी वाद झाला. त्या म्हणाल्या, पद लिही, लपवतेस कशाला, बाई असलीस म्हणून? त्यांचं अर्धं बरोबर होतं. सगळंच पुसून "माझं काही नाही, सगळं तुमचंच" असं लिहिणंही खोटंच असतं, आणि ते तुमचं नाव सुचवणाऱ्यावरही अन्याय करतं. मग त्यानं काय नालायक माणूस पुढं पाठवला होता का? म्हणून काम लिहिलं, टीम लिहिली. पद प्रोफाइलवर आहेच, ज्याला बघायचं त्यानं बघावं. शेवटच्या ओळीबद्दल मात्र आधी एचआरला विचारलं होतं. मुलाखतीतले नेमके प्रश्न सांगू नका, कसली तयारी केली ते सांगायला हरकत नाही, म्हणाल्या.

अभिनंदनं आली, बरीच. बहुतेक त्या तयार बटणांवरची असावीत, कारण आठजणांनी अक्षरन् अक्षर सारखं लिहिलं होतं. त्यांना मी एकेक अंगठा दिला. ज्यांनी काहीतरी वेगळं लिहिलं त्यांना उत्तर लिहिलं. चाळीसातले जे मी टॅग केले नाहीत, त्यातल्या कुणालाही वाईट वाटलं नाही, निदान कुणी तसं म्हटलं तरी नाही. एक जुना सहकारी फक्त "मेथी?" एवढंच लिहून गेला. ट्रेनी मुलाला त्याच्या ऑफिसात दोन दिवस सगळे मेथीवाला म्हणत होते, तो तक्रार करत होता पण आवाज खूश होता.

संध्याकाळी सातनंतरचे फोन मात्र खरे आले. चार. साठ अर्जवाला पहिला. त्याच्याशी पाऊण तास बोलले, नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेताना द्यायचे पीपीएपीचे कागद कसे वाचून दाखवायचे यावरच. चिकलठाण्याच्या एका छोट्या कारखान्यातून ताईंना फोन आला. गुरुवारी बोलावलंय. पगार कमी आहे, त्या जातील की नाही ठरलेलं नाही. मी त्यांना म्हटलं, आता मी तुमची मुलाखत घेते. त्या म्हणाल्या, "तू नापास करायला शिकली नाहीस अजून."

रात्री दादांचा फोन. पेढे वाटून झाले, दीड किलो पुरले. मास्तर तेवढे घरी नव्हते, नातवाकडे नांदेडला गेलेत, शनिवारच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं येतीन म्हणाले. त्यांचा पेढा डबीत झाकून ठेवलाय.